"जेवण जात नाही" हे निदान तीन तुकड्यांत कसं लिहायचं?

रुग्णालयातल्या फाइलमध्ये आहाराच्या रकान्यात कधीकधी दोनच शब्द सापडतात: "आहार कमी". कमी म्हणजे किती? कशामुळे? उद्या सकाळी कोणी काय करायचं? यातलं काहीच त्या दोन शब्दांतून कळत नाही. आहारतज्ज्ञांची निदान लिहिण्याची पद्धत या तीन प्रश्नांची उत्तरं एकाच वाक्यात बसवते. समस्या काय, ती कशामुळे, आणि ती आहे हे कशावरून, असे त्या वाक्याचे तीन तुकडे. प्रॉब्लेम, इटिऑलॉजी आणि साइन्स-सिम्प्टम्स यांची आद्याक्षरं घेऊन त्याला पीईएस म्हणतात. अमेरिकन डायटेटिक असोसिएशनने २००३ साली आहारोपचाराची चार पायऱ्यांची पद्धत स्वीकारली: तपासणी, निदान, उपाय आणि पाठपुरावा. पीईएस वाक्य लिहायचं ते यातल्या दुसऱ्या पायरीवर.

हे निदान डॉक्टरांच्या निदानापेक्षा वेगळं असतं. "तोंडाचा कर्करोग" हे डॉक्टरांचं निदान आणि ते कित्येक महिने तसंच राहतं. आहाराचं निदान मात्र आहारातल्या बदलाने सुटेल किंवा हलकं होईल अशाच गोष्टीचं करायचं असतं, त्यामुळे ते आठवड्याभरातही बदलू शकतं.

उदाहरणादाखल एक पेशंट डोळ्यांसमोर आणू. तासगावकडच्या खेड्यातल्या ५८ वर्षांच्या मावशी. अनेक वर्षं मिश्री लावायची सवय होती. आता तोंडाच्या कर्करोगासाठी मिरजेला किरणोपचार चालू आहेत, चौथा आठवडा संपत आलाय. तोंड आतून सोललंय, जिभेच्या कडेला आणि गालाच्या आतल्या बाजूला फोड आहेत.

पहिलं काम आकडा काढायचं. "जेवता का?" असं विचारलं की उत्तर येतं, "खाल्ली की वाटीभर पेज." सोबत आलेली सूनही मान डोलावते. दोघी खरंच सांगत असतात, पण त्यातून प्रमाण कळत नाही. म्हणून प्रश्नच वेगळा विचारायचा: "मावशी, काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय पोटात गेलं, एकेक सांगा." प्रत्येक पदार्थाला तीन पोटप्रश्न. वाटी केवढी? त्यातलं उरलं किती? आणि तिसरा प्रश्न पेजेसाठी सगळ्यात मोलाचा: वाटीभर पेजेत तांदूळ किती? पातळ पेजेची मोठी वाटी पोट भरल्यासारखं करते, पण तिच्यात जेमतेम २५ ग्रॅम तांदूळ असतो, म्हणजे ९० कॅलरीसुद्धा नाहीत. घरची वाटी घेऊन यायला सांगावं, तिच्यात पाणी भरून मापावं. हे दोन मिनिटांचं काम टाळलं तर पुढचे सगळे आकडे अंदाजपंचे होतात.

मावशींच्या एका दिवसाचा हिशोब असा निघाला. तीन कप दुधाचा चहा, दोन-दोन चमचे साखर घालून: सुमारे २४० कॅलरी. दोन वाट्या पेज: १७५. दीडशे मिली दूध: १००. अर्धी वाटी मऊ वरणभात: ८०. चहात बुडवलेली दोन बिस्किटं: ४५. एकूण ६४० कॅलरी आणि जवळपास १८ ग्रॅम प्रथिनं. सुनेने तीन दिवस वहीत लिहून आणलं तेव्हा सरासरीही तेवढीच आली. गेले दहा दिवस असंच चाललंय, असं तिने सांगितलं.

आता गरज किती ते पाहू. कर्करोगाच्या पेशंटसाठी दिवसाला किलोमागे २५ ते ३० कॅलरी धरतात. किरणोपचार चालू असल्याने इथे ३० धरू. ४५ किलो वजनाला १३५० कॅलरी झाल्या. प्रथिनं किलोमागे १.२ ग्रॅमने ५४ ग्रॅम. म्हणजे मावशींच्या पोटात गरजेच्या ४७ टक्के कॅलरी जाताहेत आणि प्रथिनं तर एक तृतीयांशच.

उपचार सुरू झाले तेव्हा वजन ४८ किलो होतं, आज त्याच काट्यावर ४५.१ भरलं. चार आठवड्यांत ६ टक्के घट. उंची १५० सेंटीमीटर, त्यामुळे बीएमआय अजूनही २० येतो आणि तो "नॉर्मल"च दिसतो. नुसता बीएमआय बघणाऱ्याच्या नजरेतून ही घसरण साफ निसटते.

एवढी माहिती हातात असूनही वाक्य चुकू शकतं. पहिली चूक अशी: "कुपोषण, कर्करोगामुळे, अशक्तपणावरून." यात समस्या नको तेवढी मोठी झाली. कुपोषणाच्या निदानाला स्वतंत्र निकष आहेत, हाताने स्नायू आणि चरबी तपासून पाहावी लागते, एकाहून अधिक लक्षणं जुळावी लागतात. ती जुळली तर ते निदान वेगळं लिहावं. कारण म्हणून लिहिलेला कर्करोग आहारतज्ज्ञाच्या हातात नाही. आणि अशक्तपणा मोजायचा कसा? पुढच्या सोमवारी तो कमी झाला की नाही हे कोण ठरवणार?

दुसरी चूक वरवर शास्त्रीय दिसते: पुरावा म्हणून रक्तातलं अल्ब्युमिन लिहिणं. शरीरात दाह असला की अल्ब्युमिन उतरतं, माणूस कितीही जेवत असला तरी. उद्यापासून मावशी दुप्पट जेवल्या तरी तो आकडा लगेच वर येणार नाही. जो पुरावा समस्येबरोबर हलत नाही, तो त्या समस्येचा पुरावा नव्हेच.

तिसरी चूक म्हणजे गोल फिरणारं वाक्य: "अपुरा आहार, कमी जेवल्यामुळे." कारणाच्या जागी समस्याच पुन्हा लिहिली. ही चूक बहुतेकदा घाईत होते, कारण खरं कारण शोधायला पेशंटजवळ बसावं लागतं.

ते शोधायची रीत म्हणजे "का?" विचारत खाली उतरणं. मावशी कमी का खातात? गिळताना दुखतं. का दुखतं? फोड आहेत. फोड का आले? किरणांमुळे. किरण का? कर्करोग आहे. या शिडीची सगळ्यात खालची पायरी हेच "मूळ कारण" असं समजून पुष्कळजण तिथे जाऊन थांबतात आणि हात टेकतात. वाक्यात लिहायची ती आपल्याला हलवता येईल अशी सगळ्यात खोलची पायरी. किरणोपचार थांबवता येत नाहीत, पण दुखणं कमी करता येतं. म्हणून दुखण्याच्या पायरीवर थांबून आजूबाजूला बघायचं.

तिथे मावशींच्या बाबतीत दोन गोष्टी हाती लागल्या. घरात सगळ्यांसाठी होते ती भाकरी आणि तिखट आमटी. मावशी त्यातलं काही खाऊ शकत नाहीत, म्हणून पेजेवर येतात. मायेने आंबीलही केली जाते, पण ताकाचा आंबटपणा फोडांवर चरचरतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची निघाली. डॉक्टरांनी दिलेलं तोंड बधिर करणारं औषध मावशी जेवण झाल्यावर घेत होत्या, "गोळ्या जेवणानंतर" या सवयीने. म्हणजे घास गिळताना संरक्षण शून्य आणि घास संपल्यावर आराम. कोणत्याही तपासणीच्या रिपोर्टात हे दिसलं नसतं.

मग वाक्य असं उतरतं:

"तोंडावाटे अपुरा आहार, किरणोपचाराच्या फोडांमुळे गिळताना होणाऱ्या वेदनेशी, बधिर करणारं औषध जेवणानंतर घेण्याशी आणि घरी मऊ, बिनतिखट पर्याय नसण्याशी संबंधित, तीन दिवसांच्या नोंदीत सरासरी ६४० कॅलरी (गरजेच्या ४७ टक्के) आणि १८ ग्रॅम प्रथिनं, चार आठवड्यांत वजन ४८ वरून ४५.१ किलो (६ टक्के घट), जेवताना वेदना १० पैकी ७, यांवरून."

पुराव्यात आहाराचा आकडा मुद्दाम पहिला ठेवलाय. वजन इतर कारणांनीही उतरतं, शरीरातलं पाणी कमी झालं तरी उतरतं. "अपुरा आहार" सिद्ध करायला आहाराचीच नोंद लागते, वजनाचा आकडा तिच्या पाठीशी उभा राहतो.

पण या पेशंटला हेच निदान लागू आहे ना, हेही तपासावं. पाणी पिताना ठसका लागत असेल, घास गेल्यावर आवाज ओला होत असेल, तर खरी अडचण गिळण्याच्या क्रियेत आहे. त्याचं निदान वेगळं, आणि आधी गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवायला हवं. नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका राहतो. नळीवाटे पुरेसा आहार जात असेल, तर तोंडावाटे कमी जाणं ही समस्याच उरत नाही.

वाक्य नीट लिहिलं की उपाय त्याच्या मधल्या तुकड्यातून निघतात. औषधाची वेळ डॉक्टरांशी बोलून जेवणाआधी आणायची. तोंड बधिर असताना गाल चावला जातो, कधी ठसकाही लागतो, म्हणून घास लहान आणि बसूनच. पेजेच्या दोन वाट्यांच्या जागी दुधात शिजवलेल्या ज्वारीच्या मऊ कण्या: ३० ग्रॅम कण्या, दीडशे मिली दूध, वर चमचाभर तूप. एका वाटीत २४५ कॅलरी आणि ८ ग्रॅम प्रथिनं. सून चुलीवर एरवीही कण्या करतेच, त्यामुळे वेगळं काही शिकवावं लागत नाही. कण्या कोमट करूनच द्यायच्या, गरम वाटी फोडांना सोसत नाही. मावशींना अंडं चालतं, म्हणून एक उकडलेलं अंडं बारीक कुस्करून वरणभातात. एवढ्या बदलाने बेरीज १०३० कॅलरी आणि ३६ ग्रॅम प्रथिनांपर्यंत जाते. पहिल्या आठवड्याचं लक्ष्य हजार कॅलरीच ठेवावं. दुखऱ्या तोंडाला पहिल्याच दिवशी १३५० चं लक्ष्य दिलं तर ते गाठलं जात नाही आणि सून वही लिहायचं सोडते.

पाठपुरावा तिसऱ्या तुकड्याचा. आठ दिवसांनी तेच तीन आकडे पुन्हा घ्यायचे. समजा नोंदीत १०१० कॅलरी आल्या, वेदना ७ वरून ४ वर आली, वजन ४५ वर टिकलं. तर निदान खोडायचं नाही, नवे आकडे घालून "सुधारणा, अजून चालू" अशी नोंद करायची, कारण गरजेचे ७५ टक्केच जाताहेत आणि प्रथिनं तर त्याहून मागे आहेत. शिवाय फोड उपचार संपेपर्यंत वाढू शकतात, संपल्यावरही आठ-पंधरा दिवस तसेच राहतात. आकडे उलट दिशेने गेले तर मर्यादाही आधीच ठरलेली हवी. गरजेच्या ६० टक्क्यांहून कमी, म्हणजे मावशींच्या बाबतीत ८१० कॅलरींच्या खाली, आहार आठवडा-दोन आठवड्यांपलीकडे राहिला, तर नळीवाटे आहाराचा विषय डॉक्टरांपुढे आणि घरच्यांपुढे काढायचा. दहा दिवस ६४० वर गेलेले असल्याने हे दिवस आजपासून मोजायचे नाहीत, सुनेच्या वहीतल्या पहिल्या पानापासूनही नाही, तर पेजेवर आल्या त्या दिवसापासून मोजायचे.