काना पुसट का दिसतो? जुन्या सीआरटी मॉनिटरवरील लुकलुक आणि अक्षरांची धार

डिचोलीतील एका लहान छापखान्यात जत्रेच्या नाटकांची हस्तपत्रके आणि लग्नपत्रिका अजूनही एका जुन्या संगणकावर जुळवल्या जातात, कारण तेथील मराठी अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर व त्याचे फॉन्ट नव्या संगणकावर चालत नाहीत. त्या संगणकाला १७ इंची सीआरटी, म्हणजे काचेच्या चित्रनळीचा मॉनिटर जोडलेला आहे. मालकांच्या दोन तक्रारी होत्या. पांढरे पान उघडले की पडदा लुकलुकतो आणि डोळे दुखतात, ही पहिली. अक्षरे बोथट दिसतात, ही दुसरी. मॉनिटर म्हातारा झाला असे त्यांनी मनाशी ठरवूनच टाकले होते. प्रत्यक्षात बराचसा दोष सेटिंगचा होता, आणि दोन्ही तक्रारींचे मूळ एकाच हिशेबात होते.

सीआरटीच्या काचेवर संपूर्ण चित्र एकाच क्षणी कधीच उजळलेले नसते. इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे एकेक रेघ ओढत वरून खाली येतो. तो ज्या ठिपक्यावर पडतो तेथील काचेच्या आतला फॉस्फरचा लेप चमकतो आणि झोत पुढे सरकताच झपाट्याने मंदावतो. हा फेरा सेकंदाला जितक्या वेळा पूर्ण होतो, तो रिफ्रेश रेट. ६० हर्ट्झला अनेकांना पडद्याची थरथर जाणवते, ७५ला बहुतेकांना त्रास होत नाही आणि ८५ला ती जवळजवळ कुणालाच दिसत नाही. आपल्या नजरेच्या कडेला लुकलुक अधिक चटकन कळते, म्हणून ती तपासताना पडदा पूर्ण पांढरा करावा आणि नजर पडद्यावर न ठेवता बाजूच्या भिंतीवर ठेवावी. पडदा जितका उजळ, तितकी ती अधिक जाणवते, हेही लक्षात ठेवावे. छापखान्याची खिडकी मॉनिटरच्या समोरच होती, आणि दुपारच्या उन्हात काही दिसत नाही म्हणून ब्राइटनेस व कॉन्ट्रास्ट दोन्ही शेवटपर्यंत चढवलेले होते. त्यामुळे लुकलुक वाढलीच, शिवाय झोत जोरात असला की त्याचा ठिपका काचेवर पसरतो, म्हणून अक्षरांची धारही गेली. खिडकीला जाड पडदा लावून कॉन्ट्रास्ट उतरवला, तेवढ्यानेच निम्मे काम झाले.

पुढचा प्रश्न आकड्यांचा होता. पान अधिक दिसावे म्हणून कोणीतरी रिझोल्यूशन १२८० × १०२४ ठेवले होते आणि रिफ्रेश रेट ६० हर्ट्झवर राहिला होता. तो नुसता वाढवून का चालत नाही, हे मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेतील एका आकड्यावरून कळते: आडव्या स्कॅनची कमाल वारंवारता, येथे ७० किलोहर्ट्झ. याचा अर्थ झोत सेकंदाला ७०,००० पेक्षा जास्त रेघा ओढू शकत नाही. १०२४ रेघांच्या चित्रात झोताला तळापासून पुन्हा माथ्यावर नेण्याचा वेळ धरून एकूण १०६६ रेघांचा खर्च येतो. १०६६ गुणिले ६० म्हणजे सुमारे ६४,०००, हे मर्यादेत बसते. पण ७५ हर्ट्झला ती संख्या ८०,००० होते आणि बसत नाही. म्हणजे या मॉनिटरवर १२८० × १०२४ ठेवायचे ठरवले, तर लुकलुकही पत्करावीच लागते. १०२४ × ७६८ला मात्र ८५ हर्ट्झच्या प्रमाणित मोडमध्ये एकूण ८०८ रेघा लागतात, आणि ८०८ गुणिले ८५ म्हणजे सुमारे ६८,७००. मर्यादेच्या अगदी काठावर, पण आत.

आता अक्षरांकडे वळू. या नळीचा दिसणारा भाग सुमारे ३२५ मिलिमीटर रुंद आहे, तेव्हा १२८० पिक्सेल बसवले की एका पिक्सेलच्या वाट्याला ०.२५ मिलिमीटर येतात. काचेमागील जाळीतून तयार होणाऱ्या लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांच्या एका त्रिकुटाची आडवी रुंदीही जवळपास तेवढीच, ०.२४ मिलिमीटर आहे. पिक्सेल आणि त्रिकुटे एकमेकांवर नेमकी बसत नाहीत, म्हणून बारीक रेघ कुठे एका त्रिकुटावर पडते, कुठे दोघांत वाटली जाते. १०२४ला पिक्सेल ०.३२ मिलिमीटरचा होतो आणि अक्षराला थोडी ऐसपैस जागा मिळते. शिवाय १२८० × १०२४ हे प्रमाण ५:४ आहे आणि नळी ४:३ची, त्यामुळे पूर्ण पडदाभर ताणलेले चित्र आडवे फुगते. पत्रिकेवरचा गोल कलश पडद्यावर किंचित चपटा का दिसतो, याचे उत्तर त्यात होते.

बोथटपणाचे दुसरे कारण देवनागरीत फार स्पष्ट दिसते, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. भिंगातून पाहिले तेव्हा शिरोरेषा काळीभोर व धारदार होती, पण ‘नाटक’ या शब्दातील काना करडा आणि पसरट होता. शिरोरेषा ओढताना झोत बराच वेळ एकाच छटेवर राहतो. काना ओढताना मात्र पांढऱ्यावरून काळ्यावर आणि परत पांढऱ्यावर जाण्याचे काम एकदोन पिक्सेलच्या अवधीत उरकावे लागते. १२८० × १०२४ला ६० हर्ट्झवर सेकंदाला १०.८ कोटी पिक्सेल पाठवले जातात. मॉनिटरमधला अ‍ॅम्प्लिफायर किंवा केबल या वेगाला पुरी पडली नाही की उभ्या रेघा पुसट होतात. याची खात्री करायची तर एकाआड एक काळ्यापांढऱ्या, एका पिक्सेलच्या रेघांचे दोन चौकोन काढावेत, एकात आडव्या आणि दुसऱ्यात उभ्या. उभ्या रेघांचा चौकोन स्पष्टपणे काळपट दिसला, तर संकेत वेगाला पुरत नाही असे समजावे.

१०२४ × ७६८ला ८५ हर्ट्झवर हा वेग ९.४५ कोटींवर उतरतो, म्हणून या बदलात लुकलुक आणि बोथटपणा दोन्ही एकदम कमी होतात. तरीही काना थोडा करडा राहिला होता. मॉनिटरची केबल जोडकेबल लावून लांब केलेली होती; ती काढून संगणक जवळ आणताच दोन्ही चौकोन सारखे दिसू लागले. तसे झाले नसते, तर मी ७५ हर्ट्झ निवडले असते, कारण तेथे वेग ७.८७५ कोटी इतकाच असतो.

जुन्या विंडोजमध्ये ही निवड Display मधील Settings, त्यातील Advanced आणि मग Monitor या पानावर Screen refresh rate खाली सापडते. तेथे Hide modes that this monitor cannot display ही खूण काढू नये. मर्यादेबाहेरचा मोड दिला तर नवे मॉनिटर सूचना दाखवून काळे होतात, पण फार जुने मॉनिटर चित्र फाडतात आणि किंचाळू लागतात. तसे झाले तर लगेच बंद करावे.

एवढे झाल्यावर अक्षरांच्या कडा बारीक थरथरत असल्याचे दिसले. रिफ्रेश रेट ६० केला की तेच कंप सेकंदाला साधारण दहा वेळा, संथपणे जाणवत. वेग असा बदलतो तेव्हा कारण ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे एखादे चुंबकीय उपकरण असते: ६० वजा ५० म्हणजे दहा, आणि ८५ वजा ५० म्हणजे पस्तीस. आमच्याकडे वीज कमीजास्त होते म्हणून टेबलावर, मॉनिटरला अगदी खेटून स्टॅबिलायझर ठेवला होता. तो मीटरभर लांब जमिनीवर ठेवताच कडा स्थिर झाल्या.

कोपऱ्यांतील अक्षरे अजूनही मधल्यांपेक्षा किंचित मऊ आहेत, आणि ती तशीच राहतील. फोकसचा अंदाजही मॉनिटर अर्धा तास तापल्यावरच घ्यावा. फोकसचा स्क्रू मागच्या आवरणाच्या आत, फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरवर असतो. तेथे सुमारे २५,००० व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही नळीत भार साठून राहतो, म्हणून ते आवरण आम्ही उघडले नाही.