शहर वेळेवर का पोहोचत नाही? हार्ड डिस्क, एसएसडी आणि ओपन-वर्ल्ड गेम

गाडी भरधाव चाललीय, एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा, आकडा चाळिशीच्या वर आहे, आणि समोरची इमारत मात्र मातीच्या गोळ्यासारखी दिसतेय. दोन-तीन सेकंदांनी तिला खिडक्या फुटतात. कधी पुढचा चौकच गायब असतो आणि गेम क्षणभर थिजतो. माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये 1 टीबीची, 5400 आरपीएमची, म्हणजे मिनिटाला 5400 फेऱ्या घेणारी हार्ड डिस्क होती. तेव्हा मी सगळा दोष ग्राफिक्स कार्डाला द्यायचो आणि सेटिंग खाली आणत राहायचो. काही फरक पडायचा नाही. अडचण चित्र काढण्यात नव्हतीच. चित्राला लागणारा माल वेळेवर येत नव्हता.

ही अडचण खेळाडूला अख्ख्या शहरात मोकळं फिरू देणाऱ्या ओपन-वर्ल्ड गेमइतकीच जुनी आहे. अख्खं शहर मेमरीत मावत नाही, म्हणून खेळाडू जिथे असेल तिथला परिसर डिस्कवरून आणायचा आणि मागे पडलेला टाकून द्यायचा. यालाच स्ट्रीमिंग म्हणतात. 2001 मध्ये प्लेस्टेशन 2 वर ‘जीटीए 3’ आला तेव्हा हे काम डीव्हीडीवरून चालायचं. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना लोडिंगचा पडदा यायचा, पण बेटावर फिरताना सगळं चालता चालता लोड व्हायचं. गाडी फार वेगात गेली की डीव्हीडी मागे पडायची. त्या गेमवर काम केलेले प्रोग्रामर ओब्बे व्हर्मे यांनी पुढे सांगितलं की, खेळाडूचा वेग थोडा रोखण्यासाठी काही रस्त्यांची आखणीच बदलावी लागली होती. म्हणजे शहराचा नकाशासुद्धा डिस्कच्या वेगाने ठरत होता.

तरी त्या काळी एक गोष्ट सोयीची होती: मेमरीच लहान होती. प्लेस्टेशन 2 ची मुख्य मेमरी 32 एमबी आणि डीव्हीडीचा वेग सेकंदाला साधारण 5 एमबी, त्यामुळे पूर्ण मेमरी सहा-सात सेकंदांत भरता यायची. 2013 च्या प्लेस्टेशन 4 मध्ये मेमरी 8 जीबी झाली, पण आत होती 5400 आरपीएमची लॅपटॉपवाली हार्ड डिस्क. ती फार तर सेकंदाला 100 एमबी देणार, म्हणजे मेमरी भरायला ऐंशी सेकंद. टाकी अडीचशे पट मोठी झाली आणि नळ वीसच पट. माझ्या मते या विषयाचं मूळ इथे आहे. हार्ड डिस्क बिघडली नाही, तिच्या आजूबाजूचं सगळं पुढे निघून गेलं.

शिवाय 100 एमबीचा तो वेगही माल डिस्कवर सलग ठेवलेला असेल तरच मिळतो. हार्ड डिस्कच्या आत तबकडी फिरते आणि एका दांड्यावरचं हेड पुढे-मागे सरकतं. प्रत्येक नव्या जागेसाठी आधी हेड तिथे न्यायचं, मग हवा तो भाग फिरून खाली येईपर्यंत थांबायचं. 5400 आरपीएमवर एका फेरीला 11 मिलिसेकंद लागतात, म्हणजे सरासरी साडेपाच मिलिसेकंदांची वाट. हेड सरकायला आणखी बारा-एक धरा. एक तुकडा उचलायला सतराच्या आसपास मिलिसेकंद झाली.

समजा एका चौकात वळल्यावर 300 छोटे तुकडे हवे आहेत: भिंतीचा पोत, दुकानाची पाटी, दिव्याचा खांब, फुटपाथवरच्या माणसांचे कपडे. प्रत्येक तुकडा 64 केबीचा. सगळा माल मिळून 19 एमबीसुद्धा भरत नाही. तो सलग असेल तर पाव सेकंदाच्या आत, साधारण 0.2 सेकंदात येईल. तीनशे जागी विखुरलेला असेल, तर 300 गुणिले 17 मिलिसेकंद, म्हणजे पाच सेकंद. ताशी 100 किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात 140 मीटर पुढे गेलेली असते. एसएसडीत काहीच फिरत नाही. जुन्या साटा जोडणीच्या साध्या एसएसडीलाही एका तुकड्यासाठी 0.1 मिलिसेकंदाच्या आसपास पुरतात, त्यामुळे तेच काम सेकंदाच्या दहाव्या भागातच उरकतं.

गेम बनवणाऱ्यांनी यावर तोड काढली ती एकाच वस्तूच्या अनेक प्रती ठेवण्याची. शहराच्या प्रत्येक तुकड्यासोबत त्याला लागणारा सगळा माल शेजारीशेजारी ठेवायचा, मग तोच खांब शेकडो ठिकाणी पुन्हा साठवावा लागला तरी चालेल. 2018 चा ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’ हे याचं ठळक उदाहरण. प्लेस्टेशन 5 ची रचना करणारे मार्क सर्नी यांनी मार्च 2020 च्या भाषणात सांगितलं की, त्या गेममधल्या काही वस्तू हार्ड डिस्कवर 400 वेळा ठेवलेल्या होत्या. इमारतींमधून झोके घेत जाणाऱ्या नायकाला शहर पुरवायचं तर दुसरा उपाय नव्हता. मला हे काम फार कौतुकाचं वाटतं, कारण प्लेस्टेशन 4 वर तो गेम खरोखर सुरळीत चालायचा.

डिसेंबर 2020 मध्ये आलेल्या ‘सायबरपंक 2077’च्या वेळी मात्र हे गणित कोलमडलं. जुन्या कन्सोलवर तो इतका अडखळला की सोनीने काही दिवसांतच तो आपल्या दुकानातून काढला; तो परतला जून 2021 मध्ये. गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट कंपनीचे सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी जानेवारी 2021 च्या निवेदनात मुख्य कारण म्हणून जुन्या कन्सोलवरच्या स्ट्रीमिंगचंच नाव घेतलं. पीसीसाठी सेटिंगमध्ये `Slow HDD Mode` दिलेला होता. सप्टेंबर 2023 मध्ये 2.0 आवृत्तीबरोबर कंपनीने हार्ड डिस्कचा पाठिंबाच काढून घेतला आणि किमान गरजेत एसएसडी लिहिली. त्याच महिन्यात ‘स्टारफील्ड’ही एसएसडीची अट घेऊनच आला.

म्हणून माझं उत्तर गेमच्या वयाप्रमाणे बदलतं. 2020 च्या आधीचे बहुतेक गेम हार्ड डिस्कवर वाट पाहायला लावतात, पण एकदा सुरू झाले की खेळता येतात. ज्यांच्या किमान गरजेतच एसएसडी आहे, ते हार्ड डिस्कवर टाकू नयेत. मात्र एसएसडीने सरासरी एफपीएस वाढेल ही आशा सोडा, तो आकडा कार्ड आणि प्रोसेसर ठरवतात. साटाहून वेगवान, पण फार महागडी एनव्हीएमई एसएसडी घेण्याचीही घाई नको. हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर येणं ही मोठी उडी असते, त्यापुढचा फरक बहुतेक गेममध्ये लोडिंगच्या थोड्या सेकंदांपुरता उरतो.

दोष डिस्कचाच आहे का, हे तपासणं सोपं आहे. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजरमध्ये ती डिस्क उघडा. अडखळण्याच्या क्षणी `Active time` 100 टक्क्यांना चिकटलेला असेल आणि `Average response time` शेकडो मिलिसेकंदांवर गेला असेल, तर गुन्हेगार सापडला. डिस्क निवांत असताना झटका बसत असेल तर शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम, तयार होणं किंवा प्रोसेसर यांच्याकडे बघा. आणि रॅम 8 जीबीच असेल तर आधी तिचा वापर पाहा. रॅम भरली की विंडोज उरलेला माल डिस्कवर ढकलतं, आणि ती हार्ड डिस्क असली तर दुहेरी मार बसतो.

प्रतींची ती जुनी युक्ती अजूनही जागा खात होती. ‘हेलडायव्हर्स 2’ काटेकोरपणे ओपन-वर्ल्ड नाही, पण 2025 मध्ये त्याची पीसी आवृत्ती 150 जीबीच्या पुढे गेलेली, तर कन्सोलवर तोच गेम 35 जीबीच्या आसपास होता. फरक हार्ड डिस्कवाल्यांसाठी ठेवलेल्या प्रतींचा. प्रती काढल्या तर लोडिंग कित्येक पटींनी लांबेल अशी बनवणाऱ्यांना धास्ती होती. मोजून पाहिलं तर हार्ड डिस्कवरही फरक थोड्या सेकंदांचाच निघाला, कारण त्या गेममध्ये जास्त वेळ रणभूमी तयार करण्यात जात होता. प्रती काढल्यावर गेम 23 जीबीवर आला.