हरवलेला फोन बोलतो तरी कोणाशी?

गेल्या महिन्यात मामा स्वारगेटहून कोल्हापूरला जाणाऱ्या एसटीत बसले आणि साताऱ्याला उतरले. फोन मात्र सीटवरच राहिला. घरी पोचून खिसे चाचपले तोवर गाडी कराडच्या दिशेने निघून गेली होती. मामींच्या फोनवरून त्यांनी मला कळवलं. शेजारचे काका मागून सांगत होते, "अरे, सॅटेलाइटवरून दिसतं सगळं. आयएमईआय नंबर टाकायचा, की फोन कुठाय ते कळतं."

हा समज फार पसरलेला आहे, म्हणून आधी त्याच्याबद्दल. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त बोलतात, आपल्या फोनांचं ऐकत काहीच नाहीत. आपण कुठे आहोत आणि किती वाजले, एवढंच ते सतत सांगत राहतात. फोन किमान चार उपग्रहांचे संदेश पकडतो, प्रत्येक संदेश यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून आपली जागा स्वतःच काढतो. आकाशवाणी केंद्राला कुठल्या घरात रेडिओ लागलाय हे कळत नाही, तसंच उपग्रहाला तुमचा फोन ठाऊक नसतो. फोनने काढलेली जागा दुसऱ्या कुणाला कळायची, तर ती फोनानेच इंटरनेटवरून पाठवायला हवी. आयएमईआय म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळखक्रमांक. तो टाकून नकाशावर ठिपका दाखवतो म्हणणाऱ्या वेबसाइट आणि अ‍ॅप तुमचा नंबर आणि पैसे गोळा करतात, बाकी त्यांच्या हाती काही नसतं. हरवलेली वस्तू कुठल्या दिशेला आहे हे प्रश्नकुंडलीवरून सांगणाऱ्यांकडे जाण्याइतकाच त्यांचा उपयोग.

मामांच्या फोनचं काय झालं असेल ते आता ओळखता येईल. बॅटरी उतरते म्हणून ते मोबाइल डेटा, लोकेशन आणि ब्लूटूथ ही तिन्ही बटणं बंद ठेवतात. त्यामुळे फोन शोधायचा नकाशा उघडूनही उपयोग नव्हता, पण आम्ही तिथवरही पोचलो नाही. माझ्या फोनवरून त्यांच्या खात्यात शिरायला गेलो, पासवर्ड बरोबर निघाला आणि पुढची पडताळणी आली: तुमच्या फोनवर आलेल्या सूचनेला होकार द्या. तो फोन तर कराडच्या रस्त्याला लागला होता! दुसरा मार्ग होता बॅकअप कोडचा. गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात आठ आकडी दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. ते आधी कागदावर उतरवून ठेवायचे असतात. आम्ही ते कधी काढलेच नव्हते. शेवटी कोल्हापूरच्या स्टँडवर गाडी झाडताना वाहकाला फोन थरथरताना दिसला, त्यांनी मामींचा कॉल उचलला आणि दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीने फोन घरी आला.

फोन परत आल्यावर मी मामांकडे एक दिवस राहिलो आणि सगळं नीट लावून दिलं. त्यातल्या एका सोयीने मला वेड लावलंय, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. इंटरनेट नसलेला फोनही सापडू शकतो, तो रस्त्यावरच्या अनोळखी लोकांच्या फोनांमुळे. अ‍ॅपलने हे २०१९ मध्ये आणलं, गुगलने २०२४ मध्ये. अ‍ॅपलच्या पद्धतीचा अभ्यासकांनी आतून उलगडा केला आहे, म्हणून तीच घेऊ.

नेट नसलेला फोन ब्लूटूथवरून थोड्या थोड्या वेळाने एक छोटीशी हाक देत राहतो. आसपास काही मीटरवरून जाणाऱ्या कुणाचाही फोन ती ऐकतो, स्वतःची जागा त्या हाकेला जोडतो आणि सर्व्हरला पाठवतो. त्या माणसाला यातलं काही कळतही नाही. इथे लगेच शंका येते. अशाने जो तो आपल्या मागावर राहील की! हाकेत फोनचा ठरावीक क्रमांक असता, तर तो ऐकत ऐकत कुणीही तुमचा दिवसभर पाठलाग करू शकला असता. शिवाय कंपनीकडे सगळ्यांच्या फिरण्याची नोंद जमली असती.

यावरचा तोडगा देवळातल्या दानपेटीसारखा आहे. पेटीत कुणीही काही टाकू शकतं, उघडता येते ती फक्त किल्ली असणाऱ्याला. गणितात अशा जोड्या बनवता येतात: एक उघड किल्ली, जिने फक्त बंद करता येतं, आणि तिच्या जोडीची गुप्त किल्ली, जिने उघडता येतं. फोन हाकेत ही उघड किल्ली, म्हणजे जणू रिकामी दानपेटीच, पुढे करतो. वाटसरूचा फोन आपली जागा आणि वेळ त्या पेटीत बंद करून सर्व्हरकडे देतो. सर्व्हरला आत काय आहे ते वाचता येत नाही, पेटी कुणाची तेही कळत नाही. हाक मारणारा फोन साधारण दर पंधरा मिनिटांनी पेटी बदलतो. मागची आणि पुढची पेटी एकाच फोनची आहे हे बाहेरच्याला ओळखता येत नाही. या सगळ्या जोड्या एका मूळ गुप्त आकड्यापासून ठरलेल्या रीतीने निघतात आणि तो आकडा मालकाच्या दुसऱ्या उपकरणावरही असतो. त्यामुळे मालक कुठल्या वेळी कुठली पेटी बाहेर होती हे घरबसल्या काढतो, सर्व्हरकडून नेमक्या त्याच मागवतो आणि उघडतो.

आता मला सर्वांत आवडलेला भाग. ब्लूटूथच्या या हाकेत जेमतेम ३१ बाइट मजकूर मावतो आणि त्यातले काही सुरुवातीच्या ठरलेल्या खुणांना जातात. भक्कम उघड किल्ली त्यात कशी बसवायची? अभियंत्यांनी २८ बाइटांत मावणारी किल्ली निवडली. तीही मजकुरात पूर्ण मावेना, म्हणून तिचे पहिले ६ बाइट हाक देणाऱ्याच्या ब्लूटूथ पत्त्याच्या जागी लिहिले. उरलेले २२ मजकुरात. पत्त्यातले पहिले दोन बिट नियमाने ठरलेले असतात, तिथे किल्लीचे बिट लिहिता येत नाहीत, म्हणून तेवढे दोनच बिट वेगळ्या कोपऱ्यात ठेवले. म्हणजे लिफाफ्यात पत्र मावत नव्हतं तेव्हा पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या जागेवरही पत्राच्या ओळी लिहिल्या. पत्ता दर पंधरा मिनिटांनी बदलायचाच होता, तेही काम त्यातच झालं.

गुगलचं तत्त्व हेच आहे, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. तिथे पेट्या उघडणारी किल्ली तुमच्या फोनच्या स्क्रीन लॉकच्या पिनशी बांधलेली असते. दुसऱ्या फोनवरून शोधताना हरवलेल्या फोनचा तोच पिन विचारला जातो. ज्याला कुलूपच नाही त्या फोनला हे संरक्षणही नाही, आणि पिन विसरलात तर पेट्या बंदच राहतील.

दुसरी गोष्ट खेड्यात राहणाऱ्यांसाठी फार महत्त्वाची. Find Hub ही गुगलची हरवलेला फोन शोधायची सोय. अँड्रॉइडवर Settings → Google → Find Hub → Find your offline devices इथे जा. आधीपासून निवडलेलं असतं With network in high-traffic areas only. त्यात एकट्यादुकट्या वाटसरूने दिलेली जागा दाखवली जात नाही, अनेकांच्या फोनांनी सांगितलेली एकत्र करून मगच दाखवली जाते. घरातल्या घरात कुणाची वस्तू कुठे आहे हे उघडं पडू नये म्हणून ही काळजी आहे आणि ती रास्त आहे. पण शेताच्या बांधावर पडलेल्या फोनजवळून दिवसभरात एखादाच माणूस जातो. तिथे With network in all areas निवडलेलं हवं. आम्ही करूनही पाहिलं. मामांच्या फोनचा डेटा आणि वायफाय बंद केला, ब्लूटूथ चालू ठेवलं आणि फोन साताऱ्यात राजवाड्याजवळच्या ओळखीच्या दुकानात ठेवला. साधारण चाळीस मिनिटांत नकाशावर ठिपका आला. मूळ पर्याय ठेवून तोच फोन गावाकडच्या विहिरीजवळच्या खोलीत ठेवला, तर दुपारभर काही आलं नाही.

आयफोनवर Settings मध्ये आपलं नाव, मग Find My, मग Find My iPhone. तिथे Find My network आणि Send Last Location दोन्ही चालू करा. दुसरी सोय बॅटरी संपायच्या आधी शेवटची जागा पाठवते. नवे आयफोन बंद केल्यावरही काही तास हाक देत राहतात. अँड्रॉइडमध्ये हे मोजक्याच मॉडेलना जमतं, बाकीचे बंद झाले की गप्प.

ठिपका दिसला तरी तो तुमच्या फोनचा नसून त्याच्याजवळून गेलेल्या माणसाचा आहे हे विसरू नका. काही मीटरचा फरक असतोच, आणि चार मजली चाळीत नकाशा मजला सांगत नाही. ठिपक्याखालची वेळ बघा. दोन तासांपूर्वीची असेल तर फोन आता तिथे नसेलही. ठिपका पाहून कुणाच्या दारात जाऊन चोर ठरवू नका, पोलिसांना दाखवा.

फोन चोरीला गेलाय असं वाटलं तर बहुतेक जण आधी सिम बंद करायला धावतात. त्याने ओटीपी थांबतात हे खरं, पण फोनचा डेटाही त्याच सिमवर चालतो. सिम मेलं की कुलूप लावण्याचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचणार नाही. म्हणून पहिल्या दोन मिनिटांत Find Hub वरून फोनला कुलूप लावा, लगेच मग सिम आणि बँक. खात्यात शिरता आलं नाही तर android.com/lock वर नुसता मोबाइल नंबर टाकूनही कुलूप लावता येतं. मात्र Remote Lock आधी चालू करून नंबर पडताळलेला असायला हवा, आणि फोनला नेट हवं. फोनच्या Settings मधल्या Theft protection च्या पानावर Offline Device Lock ही असतं, ते नेट तुटलं की स्वतःहून पडदा बंद करतं.

पुसून टाकणं सर्वांत शेवटी. फोनमधला सगळा मजकूर एका किल्लीने कुलूपबंद असतो. पुसायचा हुकूम मिळाला की फोन ती किल्लीच नष्ट करतो, म्हणून १२८ जीबीचा फोन मिनिटा-दोन मिनिटांत रिकामा होतो. वेगळं एसडी कार्ड मात्र तसंच राहू शकतं. अँड्रॉइड फोन पुसल्यावर Find Hub ला तो पुन्हा दिसत नाही, हे पत्करूनच बटण दाबायचं. फोन नेटवर नसेल तर हुकूम सर्व्हरवर थांबतो आणि फोन पुढे कधी जोडला गेला की अमलात येतो. पुसलेला फोन सुरू करणाऱ्याला जुन्या मालकाचं खातं विचारलं जातं, त्यामुळे तो सहज वापरता येत नाही.

आयएमईआयचा खरा उपयोग इथे आहे. फोन हाती असतानाच *#06# लावून येणारा पंधरा आकडी क्रमांक लिहून ठेवा. दोन सिमच्या फोनला दोन असतात. पोलिसांत तक्रार करून, त्याच नंबरचं नवं सिम घेऊन sancharsaathi.gov.in वर तो कळवला, की देशातल्या कुठल्याही मोबाइल नेटवर्कवर फोन चालत नाही आणि कुणी सिम घातलं तर पोलिसांना माग मिळतो. वायफायवर तो तरीही चालतो. आणि फोन परत मिळाला, तर त्याच जागी जाऊन बंदी उठवावी लागते, नाहीतर तुमचंच सिम त्यात लागणार नाही.