व्याजदर समता

दोन देशांच्या व्याजदरांतील फरक आणि त्यांच्या चलनांच्या विनिमय दरात अपेक्षित असलेला बदल यांची सांगड घालणारा सिद्धांत. पुढचा दर आजच कराराने बांधून घेतला, तर ती आच्छादित समता. तो मोकळा सोडून अंदाजावर विसंबले, तर अनाच्छादित.

तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यातील एका कारखानदाराने न्हावा-शेवा बंदरात यंत्र उतरवून घेतले आणि वर्षाने एक लाख डॉलर द्यायचे ठरले, असे समजू. आजचा दर ८४ रुपये, भारतातील व्याज ७ टक्के, अमेरिकेतील ४.५ टक्के (आकडे उदाहरणापुरते). आजच ९५,६९४ डॉलर घेऊन अमेरिकेत ठेवले, तर वर्षाने ते एक लाख होतात. त्यासाठी लागणाऱ्या सुमारे ८०.३८ लाख रुपयांवर वर्षाचे व्याज धरले, की खर्च ८६.०१ लाखांवर जातो, म्हणजे डॉलरमागे ८६ रुपये १ पैसा. वर्षाने द्यायच्या डॉलरसाठी बँक आजच बांधून देते तो फॉरवर्ड दरही याच्याच आसपास असायला हवा. तो ८७ असता, तर बँकांनी रुपये कर्जाऊ काढून आज डॉलर घेतले असते, वर्षाने ते ८७ ला विकायचा करार केला असता आणि दर खाली आणला असता. कारखानदाराला मात्र ही वाट परवडत नाही. त्याचे कर्ज ७ टक्क्यांचे नसते. १० टक्के धरले तरी खर्च ८८ रुपयांवर जातो. समता जमते ती बँकांना आपसांत मिळणाऱ्या दरांवर.

कल्पनेचे जनकत्व बहुधा ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स यांना देतात. त्यांनी ती १९२२-२३ च्या सुमारास मांडली. फॉरवर्ड दर व व्याज यांचा संबंध जर्मन अर्थतज्ज्ञ वाल्टर लोट्झ यांनी १८८९ मध्येच दाखवला होता, म्हणून काही अभ्यासक अग्रमान त्यांना देतात. अनाच्छादित रूपापुरता अमेरिकन अर्थतज्ज्ञ अर्व्हिंग फिशर यांचा १८९६ चा ग्रंथ अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यातील पुरावा रुपयाचाच आहे. हिंदुस्थान सरकारचे दोन प्रकारचे रोखे तेव्हा लंडनमध्ये विकले जात: एकाचे व्याज सोन्याशी बांधलेल्या पौंडांत, दुसऱ्याचे चांदीच्या रुपयांत. कर्जदार एकच असल्याने बुडीताची धास्ती दोहोंत जवळपास सारखी. उत्पन्नातला फरक उरला तो मुख्यतः रुपया किती घसरेल या अंदाजाचा. चांदी घसरत असताना रुपया-रोख्यांनी जास्त उत्पन्न दिलेही, पण प्रत्यक्ष घसरण त्याहून मोठी निघाली. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडणीला बंद केल्या, तेव्हा तर नियमच बदलले.

पुढील संशोधनातही अनाच्छादित समता अल्प मुदतीत क्वचितच टिकलेली दिसते. आच्छादित समता पक्की मानली जाई, पण २००८ च्या संकटात डॉलर कर्जाऊ मिळेनासे झाले आणि प्रमुख चलनांतही तिला तडा गेला. भारतात भांडवलाच्या ये-जा करण्यावर निर्बंध असल्याने फॉरवर्ड प्रीमियम, म्हणजे फॉरवर्ड दर आजच्या दरापेक्षा जितका चढा असतो तो फरक, व्याजफरकापासून एरवीही ढळतो. निर्यातदार डॉलर आगाऊ विकू लागले की तो दबतो आणि आयातदारांची गर्दी झाली की फुगतो.