पडद्यावर ठीक, टेबलात बिघाड

बिलिंग सिस्टिम सोडून जाणाऱ्या डेव्हलपरच्या हँडओव्हर नोटमध्ये एक ओळ बहुतेक वेळा असतेच: "सगळी टेक्स्ट फील्ड यूटीएफ-८ मध्ये आहेत." ओळ खरी असते, पण तेवढ्याने भागत नाही. अक्षरं टेबलात कशी साठवायची हे कॉलम ठरवतो. प्रोग्रामकडून डेटाबेसकडे येणारी अक्षरं कशी वाचायची, हे मात्र कनेक्शनचं वेगळं सेटिंग ठरवतं. ही दोन्ही जुळत नसली तर काय होतं, ते 'बिल' या शब्दावरच पाहू.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि वेलांटीही स्वतंत्र चिन्ह धरली जाते. म्हणजे या शब्दाचे नऊ बाइट झाले:

```
ब   E0 A4 AC
ि   E0 A4 BF
ल   E0 A4 B2
```

समजा, मायएसक्यूएलमधला कॉलम `utf8mb4` आहे, पण प्रोग्रामचं कनेक्शन `latin1` वर राहून गेलंय. प्रोग्राम नऊ बाइट बरोबरच पाठवतो. सर्व्हर मात्र सेटिंगवर विश्वास ठेवून त्यातला प्रत्येक बाइट एकेक युरोपीय अक्षर समजतो आणि त्या नऊ अक्षरांचं पुन्हा यूटीएफ-८ करतो. इथे प्रत्येकाला दोन बाइट लागतात, त्यामुळे टेबलात अठरा बाइट जाऊन बसतात.

घातक भाग पुढेच आहे. तोच प्रोग्राम त्याच कनेक्शनने वाचतो तेव्हा सगळं उलट क्रमाने घडतं आणि पडद्यावर स्वच्छ 'बिल' दिसतं. छापील प्रतही ठीक येते. असं वर्षानुवर्षं चालू शकतं. मग कोणीतरी नवा रिपोर्ट लिहितो, कनेक्शन योग्य ठेवतो आणि त्याला `à¤¬à¤¿à¤²` दिसतं. साहजिकच संशय नव्या रिपोर्टवर जातो, पण टेबलात खरोखर काय आहे ते तोच दाखवत असतो. आधीच ओळखायची एक खूण आहे: पन्नास अक्षरांच्या कॉलममध्ये देवनागरीची सोळाच चिन्हं मावत असतील, तर हाच प्रकार समजावा.

पडद्यावर भरवसा न ठेवता बाइट पाहावेत:

```
SELECT id, HEX(name) FROM items
WHERE HEX(name) LIKE '%C3A0C2A4%';
```

धड ओळीत `E0A4` दिसतं, बिघडलेलीत `C3A0C2A4`. दुरुस्तीचं सूत्र असं:

```
CONVERT(CAST(CONVERT(name USING latin1)
  AS BINARY) USING utf8mb4)
```

हे फक्त बिघडलेल्या ओळींवरच चालवायचं. धड ओळीवर चाललं तर `latin1` मध्ये देवनागरी नसल्यामुळे प्रत्येक चिन्हाच्या जागी `?` येतं आणि मूळ मजकूर कायमचा जातो. मधेच कधीतरी कोणी कनेक्शन सुधारलेलं असेल, तर एकाच टेबलात दोन्ही प्रकारच्या ओळी असतात. म्हणून ते सेटिंग कोणत्या तारखेला बदललं, हे नोटमध्ये असायलाच हवं. माझ्या मते अख्ख्या नोटमधली सर्वात मोलाची नोंद तीच.

दुरुस्ती शक्यतो डेटाबेसच्या आतच करावी. पाय मोडण्याच्या चिन्हाचा तिसरा बाइट `8D` आहे आणि विंडोज-१२५२ या तक्त्यात ती जागा रिकामी आहे. मायएसक्यूएलचं `latin1` तो बाइट सांभाळून ठेवतं. बाहेरची काही साधनं तिथे अडतात किंवा तो गाळून टाकतात. मग साधे शब्द नीट परत येतात आणि जोडाक्षरं तेवढी फुटतात.

लांबीच्या नियमातही एकक लिहावं लागतं. मायएसक्यूएलचा `VARCHAR(20)` वीस चिन्हं मोजतो. पण बाहेर पाठवायच्या फाइलमध्ये त्याच नावाला वीस बाइटांची जागा असेल, तर देवनागरीची सहा चिन्हं मावतात आणि दोन बाइट उरतात. तिथेच कात्री लावली तर सातवं चिन्ह अर्धवट कापलं जातं आणि वाचणाऱ्याला शेवटी `�` दिसतं. कापायचंच तर पूर्ण चिन्हावर, आणि खरं तर पूर्ण अक्षरावर, म्हणजे काना-मात्रा मागे राहणार नाहीत.

एक नियम मात्र खास मराठीसाठी लागतो. 'दोऱ्या' हा माल दोन प्रकारे टाइप होतो:

```
ऱ + ् + य         0931 094D 092F
र + ् + ZWJ + य   0930 094D 200D 092F
```

दिसायला दोन्ही सारखेच. बाइट जुळवून शोधणाऱ्या प्रोग्रामला मात्र ते दोन वेगळे माल वाटतात. युनिकोडचं एनएफसी हे प्रमाणीकरण 'र' आणि खालचा नुक्ता जोडून 'ऱ' करतं, पण ही दोन रूपं एक करत नाही. त्यातच कोणी 'अदृश्य चिन्हं काढा' असा सफाईचा कोड चालवला, तर दुसऱ्या रूपातला `ZWJ` जातो आणि बिलावर 'दोर्या' छापून येतं. म्हणून क्रम असा लिहून ठेवावा: मजकूर आत येताना आधी दुसरं रूप पहिल्यात बदलायचं, मग एनएफसी, आणि सफाई त्यानंतरच.