ओईई (यंत्राची एकूण परिणामकारकता)

एखाद्या मशीनला शिफ्टमध्ये जेवढा वेळ चालायला दिला होता त्यातला किती वेळ खरोखर ओके माल काढण्यात गेला, ते टक्क्यांत सांगणारा आकडा म्हणजे ओईई. तो तीन भागांच्या गुणाकारातून काढतात: उपलब्धता (मशीन किती वेळ चालू होतं), वेग (चालू असताना ठरलेल्या सायकल टाइमच्या मानाने किती पीस निघाले) आणि गुणवत्ता (निघालेल्यातले किती पहिल्याच फेरीत ओके). तिन्हीसाठी लागणारी माहिती साध्या शिफ्ट लॉगमध्ये असते, म्हणजे थांब्यांच्या वेळा, एकूण पीस आणि रिजेक्शन, रिवर्क.

हे माप नक्की कधी सुरू झालं याबद्दल लिहिणाऱ्यांचं एकमत नाही. ते जपानमधल्या टीपीएम चळवळीतून, म्हणजे मेंटेनन्स हे सगळ्यांचं काम मानणाऱ्या पद्धतीतून आलं, इथपर्यंत वाद नाही. टोयोटाच्या गटातल्या निप्पॉनडेन्सो कंपनीला १९७१ मध्ये या कामाबद्दल पुरस्कार मिळाला, तिथून टीपीएमचा इतिहास धरायची पद्धत आहे. काही जण ओईईसुद्धा १९६० च्या दशकातलीच म्हणतात, पण आज वापरतो ती तीन भागांची रचना आणि तिच्यामागचे सहा मोठे तोटे (ब्रेकडाउन, सेटिंग, छोटे थांबे, कमी वेग, चालू उत्पादनातलं रिजेक्शन, सुरुवातीचं रिजेक्शन) नीट मांडले गेले ते सेइची नाकाजिमा यांच्या १९८० च्या दशकातल्या लेखनात, आणि १९८८ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर आल्यावर ते जपानबाहेर पसरलं, त्यामुळे हा दुसरा काळ धरणं जास्त सुरक्षित वाटतं. नेहमी ऐकू येणारा ८५ टक्क्यांचा आकडाही त्यांचाच. उपलब्धता ९०, वेग ९५ आणि गुणवत्ता ९९ टक्के धरून गुणाकार ८४.६ येतो. तो पुरस्कार मिळवणाऱ्या कारखान्यांच्या अनुभवावरून आलेला आहे, त्यामुळे रोज चार वेळा सेटिंग बदलणाऱ्या जॉबवर्क शॉपला तो जसाच्या तसा लावणं बरोबर नाही.

हिशोब कसा होतो ते भोसरी-चाकणकडे गल्लोगल्ली दिसणाऱ्या सीएनसी लेथवर बघू, आकडे समजण्यापुरते घेतलेत. शिफ्ट ८ तासांची म्हणजे ४८० मिनिटं, त्यातली जेवणाची ३० वजा केली की नियोजित वेळ ४५०. चहाला रिलीव्हर येतो म्हणून तो वेळ वजा नाही. लॉगमध्ये तीन थांबे लिहिलेत: जॉब बदलताना सेटिंग ४५ मिनिटं, चकचं हायड्रॉलिक प्रेशर उतरलं म्हणून २५, इन्सर्ट तुटून परत ऑफसेट घेण्यात २०. एकूण ९० मिनिटं गेली, मशीन ३६० मिनिटं चाललं, उपलब्धता ८० टक्के. लोडिंग-अनलोडिंग धरून ठरलेला सायकल टाइम ९० सेकंद आहे, तेव्हा ३६० मिनिटांत २४० पीस यायला हवे होते, आले २०४, म्हणजे वेग ८५ टक्के. त्यातले ७ रिजेक्ट आणि ३ रिवर्कला गेले, ओके १९४, गुणवत्ता ९५.१ टक्के. गुणाकार ६४.७ टक्के येतो.

हाच आकडा एका ओळीत पडताळता येतो आणि तो नेहमी पडताळावा. १९४ ओके पीस गुणिले ९० सेकंद म्हणजे २९१ मिनिटं, भागिले ४५०, पुन्हा ६४.७ टक्केच. या ओळीत थांब्यांची वेळ कुठेच येत नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. ऑपरेटर इन्सर्टची २० मिनिटं लिहायला विसरला तर उपलब्धता ८४.४ टक्के होईल, वेग ८०.५ वर घसरेल, पण ओईई तीच राहील. लॉगमधून सुटलेलं प्रत्येक मिनिट गुपचूप वेगाच्या खात्यात जाऊन बसतं, म्हणून वेगाचा आकडा एकटा वाचून ऑपरेटरला संथ ठरवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

वरच्या शिफ्टमध्ये ३६ पीस कमी आले म्हणजे ५४ मिनिटं गेली आणि लॉगमध्ये त्यांची एकही नोंद नाही. ती कुठे गेली हे शोधायला शिफ्टच्या मधल्या वेळेत, मशीन न थांबता चालू असताना, सलग दहा पीस स्टॉपवॉच लावून मोजायचे, एक दरवाजा बंद झाल्यापासून पुढचा बंद होईपर्यंत. समजा सरासरी ९७ सेकंद आली. मग २०४ पिसांवर ७ सेकंदांप्रमाणे जवळजवळ २४ मिनिटं खऱ्या अर्थाने कमी वेगात गेली. हे बहुतेक वेळा फीड ओव्हरराइडचं बटण १०० च्या खाली ठेवल्यामुळे होतं, आणि ऑपरेटरने ते उगाच खाली आणलेलं नसतं, इन्सर्ट लवकर जातो किंवा जॉबला चॅटर येतो म्हणून आणलेलं असतं. उरलेली ३० मिनिटं छोट्या थांब्यांची, चिप जॉबला गुंडाळली ती काढणं, गेज शोधणं, मोजमापासाठी इन्स्पेक्टरची वाट बघणं. दोन-तीन मिनिटांचे हे थांबे कुणी लिहीत नाही. दोन्हीवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, पहिल्यासाठी इन्सर्टची ग्रेड आणि कटिंग डेटा बघावा लागतो, दुसऱ्यासाठी चिपब्रेकर आणि मशीनपाशीच गेज.

आकडा खऱ्या अर्थाने हलतो तो भाजक बदलला की. सेटिंग तर आधीच ठरलेलं होतं म्हणून ती ४५ मिनिटं नियोजित वेळेतून काढली तर भाजक ४०५ होतो आणि ओईई ७१.९ टक्के दिसते, एकही पीस जास्त न काढता. तसंच ठरलेला सायकल टाइम ९० च्या ऐवजी १०० सेकंद लिहिला तरी उत्तर ७१.९ च येतं. सेटिंग तोटा धरायचा की नाही यावर कारखान्यांत मतभेद आहेत, काढून टाकणाऱ्यांचं म्हणणं असं की त्यात मेंटेनन्सचा काही दोष नाही. नाकाजिमांच्या सहा तोट्यांत मात्र सेटिंग सरळ धरलेलं आहे आणि २०१४ च्या आयएसओ २२४००-२ या मानकातही उपलब्धतेसाठी फक्त प्रत्यक्ष उत्पादनाचा वेळ वर घेतात, सेटिंगचा नाही. ते तोट्यात ठेवणंच योग्य, नाहीतर सेटिंगचा वेळ कमी करायचं कारणच उरत नाही.

सायकल टाइमची चूक ओळखायची खूण सोपी आहे: वेग १०० टक्क्यांच्या वर गेला की ठरलेला टाइम ढिला आहे (किंवा पीस मोजण्यात गडबड आहे). अशा वेळी १०० ला कापून ठेवायची सवय वाईट, कारण तेवढ्याने चूक झाकली जाते आणि खालचे दिवसही फुगलेलेच राहतात.

एका शिफ्टमध्ये दोन-तीन वेगळे जॉब चालले असतील तर सायकल टाइमची सरासरी काढू नये, प्रत्येक जॉबचे ओके पीस त्याच्या स्वतःच्या टाइमने गुणून मिनिटं एकत्र करावीत आणि मग भागावं. महिन्याच्या आकड्यालाही तेच लागू, रोजच्या टक्क्यांची सरासरी घेतली की अर्ध्या दिवसाची शिफ्ट आणि पूर्ण शिफ्ट सारख्याच वजनाने मोजल्या जातात. वेगवेगळ्या मशीनचे आकडे शेजारी ठेवून क्रमवारी लावण्यासाठी हे माप बनलेलं नाही, एकाच मशीनचा कालचा आणि आजचा दिवस ताडून बघायला ते उपयोगी पडतं, तेही भाजक आणि सायकल टाइम मधे बदलले नसतील तरच.