आर्ट सिल्क म्हणजे रेशीम नव्हे

"ताई, पैठणहून आणलेल्या साडीवर 'आर्ट सिल्क' लिहिलंय. म्हणजे कलाकुसरीचं अस्सल रेशीमच ना? ड्रायक्लीनलाच देऊ?"

नाही. इथलं 'आर्ट' म्हणजे आर्टिफिशियल. धागा बहुधा व्हिस्कोस किंवा पॉलिस्टरचा असतो. पदराचा एक सुटा धागा चिमट्यात धरून जाळा. केस जळाल्याचा वास आला तर रेशीम, कागदाचा आला तर व्हिस्कोस; वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर.

रंग पक्का असेल आणि लेबलवर मनाई नसेल, तर पॉलिस्टर घरी गार पाण्यात धुता येतं, पण गरम इस्त्रीने ते वितळतं. व्हिस्कोस ओलं झालं की कमजोर होतं, म्हणून भिजत ठेवू नका, पिळू तर मुळीच नका. जरीच्या अस्सल रेशमाला मात्र ड्रायक्लीनच बरं.